एअरबॅगचा दिवा बाबा बसले की लागत नाही

प्रश्न: पहिली नोकरी लागली म्हणून बाबांनी आणि मी मिळून २ लाख ४० हजारांत २०१२ ची सेकंडहँड हॅचबॅक घेतली. टॉप मॉडेल आहे, सहा एअरबॅगवालं. विकणाऱ्याने आर्ट लेदरची नवीन सीट कव्हरं घालून दिली. पहिल्या दिवशी कात्रजहून हिंजवडीला निघाले, सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर ओलांडला आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागला, तो ऑफिसपर्यंत तसाच. संध्याकाळी चावी फिरवली तर विझला, वारज्याला परत हजर. आठवड्यात चार वेळा असं झालं. रविवारी बाबांनी सासवडपर्यंत गाडी नेली, एकदाही लागला नाही. गॅरेजवाल्या काकांनी फेरी मारली, नाही लागला. स्कॅनर लावला, कोड नाही. ते म्हणतात दिव्याची वायर काढून टाकू. हॉर्न आणि बॅटरी ठीक आहे, माझी उंची पाच फूट. गाडी चालवू की नको? एअरबॅग अचानक फुटणार तर नाही ना?

उत्तर:

वायर काढू देऊ नका, हे सगळ्यात आधी. एअरबॅग आपोआप फुटण्याची भीती मनातून काढून टाका, त्याचं कारण पुढे देतो. गाडी चालवायला हरकत नाही, कारण ब्रेक, स्टिअरिंग आणि सीटबेल्टचं नेहमीचं अडकणं यांचा या दिव्याशी संबंध नाही. पण दिवा लागलेला असताना एअरबॅग उघडणार नाही असंच धरून चाला. बेल्ट सोसायटीच्या आतही लावा, आणि दुरुस्ती या आठवड्यातच करून घ्या.

तुमचा दोष बहुतेक ड्रायव्हर सीटच्या खालच्या पिवळ्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात आहे. तुम्ही स्वतःच तो सांगितला आहे, फक्त तीन वेगवेगळ्या वाक्यांत: उंची पाच फूट, बाबा बसले की दिवा नाही, आणि सीट कव्हरं नवीन. तुम्ही बसता तेव्हा पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पुढे ओढता. बाबा आणि गॅरेजवाले काका बसले की पहिलं काम सीट मागे ढकलण्याचं करतात. सीट पुढे आली की तिच्या खालची वायर ताणली जाते, मागे गेली की सैल पडते. ताणलेल्या वायरवर स्पीडब्रेकरचा धक्का बसला की कपलर क्षणभर सैल होतो. काकांनी गाडी मनापासून चालवून पाहिली असेल, पण सीट मागे सरकवली त्याच क्षणी दोषही झाकला गेला.

आता क्षणभराच्या सैल संपर्काने दिवा का लागतो आणि मग लागलेलाच का राहतो, ते समजून घ्या. गिअरच्या आसपास, मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स असतो. प्रत्येक एअरबॅगच्या आत ठिणगी टाकणारी एक बारीक तार असते आणि तिचा रोध साधारण २ ओहम असतो. तुम्ही चावी फिरवता तेव्हा सहाएक सेकंद दिवा लागतो. तेवढ्या वेळात बॉक्स स्वतःची आणि प्रत्येक एअरबॅगच्या फेऱ्याची, म्हणजे सर्किटची, तपासणी करतो, आणि पुढे गाडी चालू असेपर्यंत ती तपासणी चालूच राहते. त्यासाठी तो अगदी किरकोळ, काही मिलिअँपिअरचा प्रवाह सोडून रोध मोजत असतो. एअरबॅग फोडायला साधारण १ अँपिअरच्या वर प्रवाह लागतो. तपासणीचा प्रवाह त्याच्या जवळपासही नसतो, म्हणून या तपासणीने एअरबॅग फुटत नाही. सैल कपलरमुळे फेरा तुटतो, आणि तुटलेल्या फेऱ्यात तर प्रवाह आणखी कमी होतो. तुमच्या गाडीतला खरा धोका नको तेव्हा फुटण्याचा नाही, हवी तेव्हा न उघडण्याचा आहे.

दोन ओहम म्हणजे फार थोडं. घरातल्या स्विचच्या खटक्यात दोनचार ओहम वाढले तरी ट्यूबलाइटला पत्ता लागत नाही. इथे तेवढ्याच वाढीने मोजमाप दुप्पट-तिप्पट होतं आणि बॉक्सच्या मर्यादेबाहेर जातं. कपलरच्या पिनवर जमलेली काळसर पूड किंवा अर्धवट बसलेला कपलर एवढंही त्याला पुरतं. आणि एकदा दोष पक्का धरला की बहुतेक गाड्यांत बॉक्स चावी बंद होईपर्यंत दिवा चालूच ठेवतो, कपलर पुढच्याच क्षणी पुन्हा नीट बसला तरी. पुढच्या वेळी चावी फिरवल्यावर फेरा ठीक सापडला तर दिवा विझतो, पण दोषाची नोंद आतल्या स्मृतीत राहते. तुम्हाला हा दिवा लहरी वाटतो तो यामुळे. तो कधी विझला याला फारसा अर्थ नाही. तो कोणत्या क्षणी लागला, सीट कुठे होती आणि चाकाखाली काय आलं, यातच सगळं आहे.

इतर संशयितही नजरेआड करू नयेत. सेकंडहँड गाडीत हा दिवा लागला की बहुतेक वायरमन आधी क्लॉक स्प्रिंगवर बोट ठेवतात. ही स्टिअरिंगमागची चपटी गुंडाळलेली केबल असते, स्टिअरिंग फिरतानाही ड्रायव्हरच्या एअरबॅगपर्यंत जोड कायम ठेवते. पण ती फाटली की बहुतेक वेळा हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणंही दगा देतात, आणि दिवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना लागतो. तुमचा हॉर्न नीट आहे आणि दिवा सरळ रस्त्यावर, धक्क्याला लागतो. दुसरा संशयित मरू घातलेली बॅटरी. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की बॉक्स त्याचीही नोंद करतो, पण ते गाडी सुरू करताना होतं, गेटवर नाही. तिसरा संशय पाण्याचा: गाडी पुरात बुडाली असेल तर कन्सोलखालच्या बॉक्सच्या पिना हिरव्या पडतात. तेव्हा दिवा सहसा असा माणूस पाहून लागत नाही, आणि इतर विजेच्या तक्रारीही सोबत येतात. तरी गालिचा उचलून सीटच्या रेलच्या बोल्टवर गंज आणि कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का, हे एकदा पाहून घ्या.

गॅरेजला जाण्याआधी घरी एक गोष्ट करा. त्यात कशालाही हात लावायचा नाही. तीन दिवस तुमच्या नेहमीच्या जागी सीट ठेवून ऑफिसला जा. सीट मागच्या टोकापासून किती खाचा पुढे आहे ते मोजून ठेवा. पुढच्या रविवारी बाबांना गाडी चालवू द्या, पण सीट तुमच्याच खाचेवर ठेवून. त्यांना गुडघे दुमडून बसावं लागेल, म्हणून सोसायटीच्या आतल्याच दोनचार फेऱ्या पुरे, गेटचा तो स्पीडब्रेकर धरून, आणि हळू. दिवा लागला तर प्रश्न सीटच्या जागेचा आहे, बसणाऱ्याचा नाही, हे सिद्ध झालं. नाही लागला तरी संशय मिटत नाही, कारण बाबांच्या वजनाने सीट थोडी वेगळी दबते. सीटखाली हात घालून वायर हलवून पाहायचा मोह होईल. तो टाळा. चावी चालू असताना पिवळ्या कपलरला कुणीही हात लावू नये, मिस्त्रीनेही नाही.

आता स्कॅनर. काकांना कोड मिळाला नाही याचा अर्थ कोड नाही असा होत नाही. स्वस्त स्कॅनर आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडतात ती डबी बहुधा फक्त इंजिनचा बॉक्स वाचते. एअरबॅगचा बॉक्स वेगळा, त्याच्याशी बोलणारं सॉफ्टवेअर लागतं. एअरबॅगच्या या यंत्रणेला एसआरएस म्हणतात. फोन करतानाच विचारा, "तुमचा स्कॅनर माझ्या मॉडेलचा एसआरएस वाचतो का?" वाचत असेल तर पडद्यावर इंजिन वगळून `SRS` किंवा `AIRBAG` नावाचा वेगळा मेनू दिसतो. आत बहुधा याच धाटणीची ओळ असेल:

```
Driver Side Airbag: Resistance Too High
Status: History
```

शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात. `Resistance Too High` म्हणजे फेरा तुटतो किंवा संपर्क खराब आहे, तुमच्या लक्षणांना हेच शोभतं. `Too Low` आलं तर वायरी एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता, मग सीटच्या रेलमध्ये वायर चिरडली आहे का ते बघावं लागेल. `History` म्हणजे दोष येऊन गेला, आत्ता नाही. `Current` किंवा `Active` म्हणजे या क्षणी आहे. कोड उडवण्याआधी पडद्याचा फोटो काढा. बऱ्याच ठिकाणी आधी कोड उडवतात आणि मग दिवा परत येतो का पाहू म्हणतात, त्यात हातातला एकमेव पुरावा जातो. आणि `Crash` शब्द असलेली ओळ दिसली तर थांबा. याचा अर्थ बॉक्सने अपघात नोंदवलेला आहे. मग गोष्ट कपलरची राहत नाही, विकणाऱ्याशी बोलायची होते.

या गाडीत सीटखाली पिवळा कपलर का, ते सांगतो. ड्रायव्हरच्या सीटच्या दाराकडच्या बाजूला, पाठीच्या कडेला आत एक एअरबॅग शिवलेली असते. तिथे छोटा टॅग लटकतो, त्यावर एअरबॅग असं लिहिलेलं असतं. तुमच्या नवीन कव्हरने तो बहुधा झाकला असेल. त्या एअरबॅगची वायर सीटच्या खालून जमिनीतल्या वायरिंगला जाते, आणि जोड म्हणजे हा कपलर. आता सीट कव्हर घालणाऱ्याचं काम आठवा. घट्ट कव्हर बसवायला अनेक जण सीट सोडवतात, खालचे कपलर ओढून काढतात, आणि परत लावताना खटका वाजेपर्यंत दाबत नाहीत. किंवा लोंबणारी वायर दिसायला बरी नाही म्हणून केबल टायने सीटच्या फ्रेमला आवळतात. सीट मागे असताना ते चालून जातं, पुढे सरकल्यावर वायरीला द्यायला ढील उरत नाही. पाण्याची बाटली सीटखाली घरंगळली, व्हॅक्यूम क्लीनरचा नळ आत खुपसला, तरी हाच कपलर हलतो.

दुरुस्तीचं काम तासा-दोन तासांचं आहे आणि एअरबॅगचं काम केलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तुम्ही शेजारी उभ्या राहा, म्हणजे क्रम चुकणार नाही. आधी सीट सरकवून मागचे आणि पुढचे, मिळून चार बोल्ट सैल करतात. मग चावी बंद, बॅटरीची मायनस टर्मिनल काढून बाजूला, आणि किमान ३ मिनिटं थांबायचं. कंट्रोल बॉक्समध्ये कपॅसिटर असतो. अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडता यावी म्हणून तो चार्ज धरून ठेवतो, आणि तो उतरायला हा वेळ द्यावा लागतो. या ३ मिनिटांची कटकट वाटणारा मिस्त्री असेल तर गाडी तिथून हलवा. त्यानंतर सीट मागे कलंडवून खाली बघतात. कपलर बाहेर काढेपर्यंत आणि परत लावून होईपर्यंत चावी चालू करायची नाही, नाहीतर बॉक्स आणखी एक नवा कोड नोंदवून बसतो.

कपलर उजेडात धरल्यावर बहुधा या तीनपैकी एक दिसेल. लॉकचं पिवळं कान तुटलेलं आणि कपलर अर्धा बाहेर. किंवा दोन पिनांपैकी एक घरातून मागे सरकलेली. किंवा पिना जागेवर, पण टोकांवर काळी पूड. ही पूड जळल्याची नसते. धातूचे दोन पृष्ठ सूक्ष्म हालचालीने एकमेकांवर घासले की मुलामा झिजून तिथे ऑक्साइड होतो. केबल टाय सापडला तर तो कापायचा, पण सगळी वायर मोकळी सोडायची नाही. सीट अगदी पुढच्या खाचेवर असताना वायरला थोडा ढील राहील आणि अगदी मागे असताना ती रेलमध्ये सापडणार नाही, अशा जागी पुन्हा बांधायची. पूड असेल तर पटकन उडून जाणारा, अवशेष न ठेवणारा कॉन्टॅक्ट क्लीनर चालतो. गंज सुटण्याचा तेलकट स्प्रे किंवा ग्रीस नको. पॉलिश पेपरने घासणं तर अजिबात नको, मुलामा गेला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

कपलर खराबच असेल तर त्या कपलरच्या वायरीसकट नवीन तुकडा मिळतो का विचारा, किंवा अधिकृतपणे मोडलेल्या गाडीच्या वायरिंगमधून कपलर घ्या. जुन्या वायरीला तो जोडताना प्रत्येक जोड क्रिंप करून त्यावर गोंदाची हीट श्रिंक ट्यूब चढवली पाहिजे, आणि दोन जोड एकाच जागी येऊ नयेत म्हणून वायरी कमी-जास्त कापायच्या. कपलर काढून टाकून वायरी पिळून वर टेप गुंडाळणं हा गॅरेजमधला सर्वात प्रचलित उपाय आहे आणि तो मला मान्य नाही. पहिल्या दिवशी दिवा जातो, पण उन्हाने टेपचा गोंद सुटला की पिळलेला जोड सैल होतो, आणि मग तिथे तुम्हाला दिसणारा कपलरही नसतो.

कपलर ठीक दिसला तर पुढची पायरी खोटा भार लावण्याची. एअरबॅगऐवजी साधारण २ ओहमचा रेझिस्टर वायरिंगच्या बाजूच्या कपलरला लावून, बॅटरी जोडून पाहतात. कोड पुन्हा आला नाही तर दोष सीटच्या बाजूला, आला तर जमिनीतल्या वायरिंगमध्ये. एअरबॅगला मल्टिमीटर लावून रोध मोजायचा नाही. मीटरही स्वतःचा प्रवाह सोडतो आणि तो किती याची खात्री देता येत नाही, म्हणूनच हा रेझिस्टर वापरतात. तपासणी झाली की तो रेझिस्टर तुमच्या हातात घ्या. कारण सांगतो: जो रेझिस्टर तपासायला वापरतात, तोच फसवायलाही वापरतात. अपघातात एअरबॅग फुटली, नवीन महाग पडते, म्हणून तिच्या जागी रेझिस्टर लावला की बॉक्सला २ ओहम दिसतात आणि दिवा विझतो. गाडी विकली जाते आणि स्टिअरिंगच्या झाकणामागे काहीच नसतं. स्कॅनरला हे कळत नाही. झाकण उघडून पाहिल्यावरच कळतं, आणि तेही वरच्याच क्रमाने, बॅटरी काढून.

या बाबतीत तुमच्या गाडीची एक गोष्ट दिलासा देणारी आहे. चावी फिरवल्यावर दिवा सहा सेकंद लागून विझतो का, हे मात्र उद्या सकाळी मुद्दाम बघा. विझतो हे चांगलं, पण लागतो का हे जास्त महत्त्वाचं. ज्या गाडीत तो सुरुवातीलाच लागत नाही, तिथे कुणीतरी बल्ब काढलाय किंवा त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडली आहे. काका सुचवतात ते काम तिथे आधीच झालेलं असतं. तुमचा दिवा धक्क्याला लागतो याचा अर्थ निदान त्याला कुणी मुकं केलेलं नाही. सोबत डॅशबोर्डवर डाव्या बाजूला हात फिरवा. एअरबॅगच्या झाकणाच्या कडेला रंगात फरक, चिकटवल्याची रेघ किंवा खडबडीतपणा जाणवला तर तो भाग एकदा उघडलेला आहे. सगळे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडा, सहज परत गुंडाळले गेले पाहिजेत. बेल्टला अपघातात झटकन खेचून धरणारा ताणक असतो, तो एकदा सुटला की बेल्ट अडकून राहतो.

कपलर दुरुस्त झाला तरी एक दोष राहतो आणि त्याला दिवा कधीच लागणार नाही. ती नवीन सीट कव्हरं. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेची शिवण फाडून बाहेर येते. साधं आर्ट लेदरचं कव्हर त्या शिवणीवर घट्ट ओढलेलं असेल तर बॅग बाहेर पडायला वाट मिळत नाही, किंवा उशिरा आणि भलत्या दिशेने मिळते. बाजूने धडक बसल्यावर दार आणि तुम्ही यांच्यात फार थोडी जागा असते, तिथे उशीर परवडत नाही. पुढच्या दोन्ही सीटची कव्हरं काढून टाका. हवीच असतील तर बाजूच्या एअरबॅगसाठी कडेला मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेली, किंवा तो भाग पूर्ण उघडा सोडलेली घ्या. मागच्या सीटची राहू द्या.

सीट जोडताना चारही बोल्ट कंपनीने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा, सीट तुम्हाला धरून ठेवते. बॅटरी जोडल्यावर घड्याळ आणि रेडिओ परत लावावे लागतील. मग कोड उडवायचा, चावी बंद-चालू करून सहा सेकंद मोजायचे, आणि मिस्त्रीने चालवून पाहायच्या आधी सीट तुमच्या खाचेवर आणायची. तुम्ही चालवा, ते शेजारी बसतील. गेटच्या त्याच स्पीडब्रेकरवरून पाच-सहा वेळा जा, मग सीट अगदी पुढे आणि अगदी मागे सरकवून पुन्हा. शेवटी स्कॅनर परत लावून `History` रिकामी आहे का बघा, आणि मिस्त्रीला पैसे त्यानंतर द्या.